घटक ४ : शब्द तेच, घाव वेगळा – लिखित संदेशातील अपमानाचा भाषिक विचार

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
• एखाद्या वाक्याचा अर्थ आणि ते वाक्य बोलण्यामागील हेतू यांतील फरक सांगता येईल.
• तोंडी बोललेले टोचणारे वाक्य लिखित संदेशात अधिक का लागते, याची कारणे उदाहरणासह स्पष्ट करता येतील.
• मराठीतील क्रियारूपे, सर्वनामे आणि संबोधनवाचक अव्यये यांचा या प्रक्रियेतील वाटा ओळखता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण संभाषणाच्या संदर्भाचा विचार केला. वाक्याचा अर्थ केवळ शब्दांतून सिद्ध होत नाही. कोण, कोणाला, कोठे आणि कशा स्वरात बोलले, यावरही तो अवलंबून असतो, हे आपण पाहिले. या घटकात त्याच सिद्धान्ताची एका रोजच्या अनुभवावर परीक्षा घ्यावयाची आहे. समोरासमोर हसून सोडून दिले जाणारे वाक्य भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले की माणसे दुखावतात, अबोला धरतात. शब्द तेच असताना असे का व्हावे?

सोयीसाठी एक कल्पित उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत त्याचाच पाठपुरावा करू. नाशिकला राहणारी धाकटी बहीण आईला तपासणीसाठी दवाखान्यात घेऊन गेली आहे. तेथे पोचल्यावर तिच्या लक्षात येते की, आधीच्या तपासण्यांची फाइल घरीच राहिली. ती पुण्यातील भावाला तसे कळवते. भावाचा संदेश येतो :

‘अक्कल गहाण ठेवली आहेस का?’

हे वाक्य या घरात नवे नाही. लहानपणापासून भावाने ते शंभरदा उच्चारले आहे आणि बहिणीने त्याला तितक्याच वेळा उलट उत्तर दिले आहे. या वेळी मात्र ती बराच वेळ काहीच लिहीत नाही. नंतर तिचे उत्तर येते : ‘यापुढे तुम्हीच घेऊन जात जा.’

४.२ शब्द खरोखर ‘तेच’ आहेत का?

प्रथम वाक्याची रचना पाहू. समोर असता तर भाऊ काय म्हणाला असता? बहुधा असे : ‘अक्कल गहाण ठेवलीयेस का गं?’ या दोन वाक्यांत दोन फरक आहेत.

पहिला फरक क्रियारूपाचा. बोलताना आपण ‘ठेवलीयेस’ असे संक्षिप्त रूप वापरतो. लिहिताना मात्र शाळेत रुजलेल्या सवयीने ‘ठेवली आहेस’ असे पूर्ण रूप हातून उतरते. पूर्ण रूप औपचारिक असते. अनोळखी माणसाशी ते शोभते, परंतु घरातील माणूस अचानक औपचारिक बोलू लागला की त्यातून दुरावा सूचित होतो. लिहिणाऱ्याला हा बदल जाणवतही नाही; वाचणाऱ्याला तो जाणवतो, मात्र नेमके काय खटकले हे तिला सांगता येत नाही.

दुसरा फरक ‘गं’ या अव्ययाचा. ‘रे’, ‘गं’, ‘ना’, ‘की’ यांसारखी अव्यये वाक्याच्या विधानात भर घालत नाहीत. वक्ता आणि श्रोता यांच्यातील नाते ती दर्शवितात. ‘गं’मुळे ‘मी तुझाच आहे’ ही खूण वाक्याला जोडली जाते. बोलताना असे अव्यय आपोआप येते. टंकलेखनाच्या घाईत ‘अर्थाला नको’ म्हणून ते गळते, आणि त्याबरोबर आपलेपणाची खूणही गळते.

म्हणजे ज्याला आपण ‘तेच शब्द’ म्हणतो, ते बहुधा तंतोतंत तेच नसतात. तरीही असे समजा की भावाने ‘गं’सकट बोलीतले वाक्य जसेच्या तसे लिहिले. मग प्रश्न सुटतो का? पुरता सुटत नाही.

४.३ स्वर कोण पुरवितो?

शब्दशः पाहिले तर ‘अक्कल गहाण ठेवलीयेस का?’ हा प्रश्न आहे. परंतु त्याचे उत्तर कोणालाही नको असते. त्यामागील हेतू काय, थट्टा, काळजी, वैताग की तिरस्कार, हे शब्द सांगत नाहीत. ते सांगतो सूर : कोणत्या शब्दावर आघात आहे, स्वर कोठे लांबविला आहे, शेवटी आवाज चढतो की तुटतो. डोळ्यांतील हसू आणि हाताची हालचाल त्याला दुजोरा देतात. बोललेल्या अपमानाबरोबर त्याचा अर्थ कसा घ्यावा याची सूचनाही त्याच क्षणी दिली जाते. ‘हे मनावर घेऊ नकोस’ असे वेगळे म्हणावे लागत नाही.

लेखनात ही सूचना नसते. परंतु वाचक सूरहीन वाचू शकत नाही. मूकवाचनातही मनात एक आवाज उमटतो, आणि तो वाचकाच्या त्या वेळच्या मनःस्थितीतून येतो. आपली बहीण रांगेत उभी आहे, आई थकली आहे, फाइल विसरल्याबद्दल ती आधीच स्वतःवर चिडली आहे. तिच्या मनातील स्वतःवरचा राग भावाचा आवाज धारण करतो. भावाने लिहिले हसत; तिने ते ऐकले खडसावणीच्या सुरात.

संघटनांतील ईमेलचा अभ्यास करणाऱ्या क्रिस्टिन बायरन यांनी २००८ साली या प्रवृत्तीची मांडणी केली. ईमेलमधील आनंदाचा मजकूर वाचकाला थंड वाटण्याची आणि साधा मजकूर नकारात्मक वाटण्याची शक्यता असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. साध्या मजकुराची ही गत, तर मुळातच टोचणाऱ्या शब्दांचे काय होईल, याचा अंदाज बांधणे कठीण नाही.

४.४ लिहिणाऱ्याला हे का कळत नाही?

येथे एक प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काहींना लहान लहान विधाने पाठविण्यास सांगितले. त्यांतील काही गंभीर होती, काही उपरोधिक. पाठविण्याचे मार्ग दोन : आवाज आणि ईमेल. दोन्ही मार्गांनी सुमारे ७८ टक्के वेळा आपला हेतू ओळखला जाईल, अशी पाठविणाऱ्यांची खात्री होती. प्रत्यक्षात आवाजातून तो सुमारे ७३ टक्के वेळा ओळखला गेला. ईमेलमधून केवळ ५६ टक्के वेळा. नाणे उडवून उत्तर दिले असते, तरी ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती.

यातील महत्त्वाची गोष्ट अशी की, लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास लेखनातही कमी झाला नाही. कारण लिहिताना त्याच्या कानात स्वतःचा आवाज घुमत असतो. आपले हसू त्याला ‘ऐकू’ येते, म्हणून ते कागदावर उतरले असे त्याला वाटते. याच अभ्यासात काही जणांना त्यांचे वाक्य मुद्दाम उलट सुरात मोठ्याने वाचावयास लावले, तेव्हा त्यांचा फाजील विश्वास ओसरला. म्हणून एक साधी कसोटी सांगता येते : थट्टेचे वाक्य पाठविण्यापूर्वी ते रागीट, सपाट आवाजात वाचून पाहावे. तसेही ते सहज वाचता येत असेल, तर समोरचाही ते तसे वाचू शकतो.

४.५ दुरुस्तीची संधी आणि टिकणारा शब्द

समोरासमोर वाक्य अर्धे झाले तरी ऐकणारीचा चेहरा बोलणाऱ्याला दिसतो. तिच्या कपाळावर आठी आली की तो लगेच सूर बदलतो, ‘अगं, गंमत केली’ म्हणतो, किंवा ‘थांब, फाइलचे फोटो मागवून घेतो’ असे म्हणून वाक्य पुढे नेतो. दुखापत आणि मलमपट्टी यांच्यात क्षणाचेच अंतर असते. संदेशात भाऊ वाक्य पाठवून आपल्या कामाला लागतो. बहिणीचा चेहरा त्याला दिसत नाही; तो दिसेपर्यंत तिने ते वाक्य पाच वेळा वाचलेले असते.

बोललेला शब्द विरतो, आणि आठवणीत शब्दांसोबत चेहराही राहतो. लिहिलेला शब्द जसाच्या तसा राहतो आणि दर वाचनाला नव्याने घडतो. शिवाय आपल्याकडे ‘लेखी’ या शब्दालाच वजन आहे. तोंडातून निसटले असे म्हणता येते. हातून लिहिलेले मात्र विचारपूर्वक मानले जाते, कारण पाठविण्यापूर्वी ते पुसता आले असते. वाचणारीच्या मनात हाच तर्क चालतो : ‘पुसता आले असते, तरी पुसले नाही.’

आता तिचे उत्तर पुन्हा वाचा : ‘यापुढे तुम्हीच घेऊन जात जा.’ भावाला एरवी ‘तू’ म्हणणारी बहीण ‘तुम्ही’ म्हणते. हा दूर लोटणारा आदरार्थ आहे की भाऊ-वहिनी या दोघांना उद्देशून आलेले अनेकवचन? आवाजातून याचा काही अंदाज आला असता. लेखनात भाऊ, आणि भावाने तो संदेश दाखविला तर वहिनीही, आपापल्या परीने अर्थ लावतील. सर्वनाम बदलणे, नेहमीचे संबोधन गळणे, उत्तर एकाएकी आखूड व पूर्णविरामयुक्त होणे ही वाक्य लागल्याची ओळखण्याजोगी लक्षणे आहेत. ती दिसताच आणखी लिहिण्यापेक्षा फोन करणे इष्ट, कारण हरवलेली गोष्ट आवाज हीच आहे.

४.६ या विवेचनाच्या मर्यादा

लिखित अपमान नेहमीच अधिक लागतो, असा नियम मात्र करता येणार नाही. सूर शब्दाची धार कमी करतो, तशी वाढवितोही. चारचौघांत तुच्छतेने, ओठ मुरडून उच्चारलेले हेच वाक्य कोणत्याही संदेशापेक्षा खोल जाईल. ज्या वाक्याला आवाजाने सौम्य केले असते, त्याच्याच बाबतीत आवाज नसणे घातक ठरते. म्हणून हा प्रश्न वैऱ्यांपेक्षा जवळच्या माणसांत अधिक उद्भवतो. टोचून बोलण्याचा अधिकार आपल्याकडे आपुलकीच देते.

हसरी चिन्हे हा उपायही अपुरा आहे. थट्टा आणि गंभीर मजकूर वेगळा ओळखता यावा म्हणून स्कॉट फालमन यांनी १९८२ साली :-) हे चिन्ह सुचविले. परंतु दुखावलेल्या वाचकाला तेच हसू कुत्सित वाटू शकते. चिन्हाचाही सूर शेवटी वाचकच ठरवितो.

४.७ सारांश

तोंडी अपमानासोबत त्याचा अर्थ लावणारा सूर, चेहरा आणि तत्काळ दुरुस्तीची संधी असते. लेखनात ही तिन्ही नाहीशी होतात. क्रियारूप औपचारिक होते, आपलेपणाची अव्यये गळतात, वाचक आपल्या मनःस्थितीतून सूर पुरवितो आणि शब्द टिकून राहतो. लिहिणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येत असल्याने ही उणीव त्याच्या ध्यानात येत नाही.

४.८ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘शहाणाच आहेस!’ हे वाक्य कौतुक, थट्टा आणि राग अशा तीन सुरांत म्हणून पाहा. लिहिताना हे तीन हेतू वेगळे दाखविण्यासाठी आपण वाक्यात कोणते बदल कराल?
२. आपल्या बोलीतील प्रेमाने वापरले जाणारे दोन अपशब्द घ्या. कोणत्या नात्यात, कोणत्या अव्ययासह आणि कोणत्या सुरात ते चालतात, याची नोंद करा.
३. ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ वापरल्याने आदर न वाढता दुरावा कधी वाढतो, ते सोदाहरण स्पष्ट करा.