मजुरीची वही रोजच्या रोज लिहा

ताई, कांदा काढणीला बाया सांगताना रोज आणि कामाची वेळ आधीच ठरवा. रोज सरकारी किमान वेतनापेक्षा कमी नको. बाई-गडी सारखंच काम करत असतील तर रोजही सारखाच. 1976 च्या समान वेतन कायद्यापासून तसा नियमच आहे.

वहीत नावापुढे तारखांचे रकाने आखा. पूर्ण दिवसाला 1, अर्ध्याला ½, खाड्याला 0. संध्याकाळी मजुरासमोरच लिहा. उचल वेगळ्या रकान्यात लिहून सही किंवा अंगठा घ्या.

समजा, रोज 400 रुपये. चार दिवसांत एक दिवस अर्धाच भरला, म्हणजे साडेतीन हजेऱ्या, 1400 रुपये. उचल 200 वजा, हाती 1200. हिशेब वाचून दाखवा, पैसे मोजून द्या, मगच सही घ्या. आठवड्याने आठवून लिहिलं, की त्या अर्ध्या दिवसावरूनच वाद होतो.