निळी जीभ : लागण मेंढीकडून की चिलटाकडून?

प्रश्न : पाऊस उघडल्यावर आमच्या दोन मेंढ्यांना ताप आला. ओठ सुजलेत, लाळ गळते, एक लंगडतेय. शेजारी म्हणतात, निळी जीभ आहे, वेगळ्या बांधा. तेवढ्याने रोग थांबेल का?
– एक मेंढपाळ, जत, जि. सांगली

उत्तर : नुसत्या वेगळ्या बांधून थांबणार नाही. हा विषाणू मुख्यतः क्युलिकॉइड्स नावाच्या चिलटांमार्फत पसरतो. ही चिलटं एक ते तीन मिलिमीटरची, साध्या मच्छरदाणीच्या जाळीतूनही आत शिरतात. चावते फक्त मादी, तीही बहुधा तिन्हीसांजेला आणि पहाटे.

शेण मिसळलेल्या ओल्या चिखलात त्यांची पैदास होते. पाऊस उघडला की असा चिखल जागोजागी असतो आणि हवाही उबदार असते, म्हणून धोका तेव्हा वाढतो. आपल्याकडे हा रोग नवा नाही. भारतातली त्याची पहिली नोंद १९६४ साली महाराष्ट्रातलीच आहे.

तुमच्या मेंढ्यांचा हिशेब मांडू. समजा, ताप २० सप्टेंबरला आला. चाव्यानंतर ताप यायला साधारण आठवडा लागतो, म्हणजे चिलट चावलं १३ तारखेच्या सुमारास. त्याआधी विषाणू चिलटाच्या पोटातून लाळग्रंथीत पोचायला, २५ ते ३० अंश उष्णतेत, आठवडा-दहा दिवस गेले असणार. म्हणजे त्याने विषाणू उचलला सप्टेंबरच्या सुरुवातीला, कदाचित गोठ्यातल्या गाईकडून. गाईत बहुधा लक्षणं दिसत नाहीत, पण तिच्या रक्तात विषाणू काही आठवडे राहतो. म्हणून पहिली मेंढी आजारी दिसेपर्यंत आणखी काहींना चावा झालेला असू शकतो.

जीभ निळी पडण्याची वाट पाहू नका. ती मोजक्याच मेंढ्यांत पडते. आधी ताप ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास चढतो, मेंढी चरणं सोडते, नाकातून पाणी येतं आणि पुढे त्याची खपली धरते. ओठ-चेहरा सुजतो. खूर उचलून पाहा : खुराच्या वरच्या कडेला लालसर पट्टा दिसतो, लंगडणं त्यामुळेच. मात्र मावा आणि लाळ्या-खुरकूत यांतही तोंड आणि पाय बिघडतात. तेव्हा ताप असतानाच पशुवैद्यकाकडून रक्ताचा नमुना तपासणीला पाठवा.

आजारी मेंढीला सावलीत ठेवा, मऊ चारा द्या. विषाणूवर औषध नाही. प्रतिजैविकं दिली जातात ती मागाहून होणाऱ्या न्यूमोनियासारख्या संसर्गासाठी. वाघर सायंकाळच्या आत उंच, कोरड्या जागी, गोठ्यापासून लांब लावा आणि उरलेल्या मेंढ्यांचा ताप रोज मोजा. पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. भारतात पाच उपप्रकारांवर लस आहे. विषाणूचे उपप्रकार वीसहून अधिक असल्याने लस टोचली तरी चिखल हटवणं सोडू नका.