घाण्याचं तेल की रिफाइंड? डबा घेण्याआधी एवढं बघा

बचत गटाच्या बायकांनी मिळून तेलाचा डबा घ्यायचं ठरवलं, की पहिला वाद हाच होतो. एक म्हणते, लाकडी घाण्याचंच घ्या, रिफाइंड म्हणजे विष. दुसरी म्हणते, एवढे पैसे कुठून आणू?

आधी फरक समजून घेऊ. घाण्यात बी फक्त दाबून तेल काढतात आणि गाळतात. त्यामुळे वास, रंग आणि थोडं जास्त 'ई' जीवनसत्त्व टिकतं. रिफाइंडमध्ये तेल साफ करून त्याचा वास-रंग काढतात. पण चरबी दोन्हीत सारखीच, एका ग्रॅमला नऊ कॅलरी. घाण्याचं तेल खाऊन वजन कमी होत नाही. शिवाय दाणे बुरशीचे असतील तर यकृताला घातक असं बुरशीचं विष घाण्याच्या तेलात उतरतं. रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं.

आता लेबल. 'कोलेस्टेरॉल नाही' हे वाचून जास्त पैसे देऊ नका. कुठल्याच वनस्पती तेलात ते नसतं म्हटलं तरी चालेल. पुढे शेंगदाण्याचं चित्र आणि मागे बारीक अक्षरात 'ब्लेंडेड' असेल, तर ते मिश्रण आहे. कोणतं तेल किती टक्के, ते वाचा. डबा 15 लिटरचा की 15 किलोचा तेही बघा. 15 लिटर तेल साधारण साडेतेरा किलोच भरतं.

घाण्याचं तेल खरं आहे का, हे हिशेबानं कळतं. एक लिटर शेंगदाणा तेलाला सुमारे अडीच किलो दाणे लागतात. दाणे 130 रुपये किलो धरले तर 325 रुपये झाले. पेंडीचे साठेक रुपये सुटले, तरी मजुरी आणि बाटली धरून लिटर तीनशेच्या आसपास जातो. तेच कोणी 180 ला देत असेल, तर त्यात स्वस्त तेल मिसळल्याचा संशय घ्या.

पाच माणसांच्या घराला, माणशी रोज चार लहान चमचे धरून, महिन्याला तीन लिटर तेल पुरतं. रिफाइंड सोयाबीन 150 रुपये लिटर धरलं तर 450 रुपये होतात, घाण्याचं 900. वरच्या साडेचारशे रुपयांत डाळ आणि अंडी आणली, तर लेकरांच्या पोटात जास्त पोषण जातं. म्हणून रोजच्या स्वयंपाकाला सीलबंद रिफाइंड चालेल, फक्त मोजून वापरा. घाण्याच्या तेलाची चव हवीच असेल, तर दाणे निवडून न्या आणि समोर गाळून घ्या. ते लवकर खवट होतं, म्हणून एका महिन्यापुरतंच काढा.

सुटं तेल मात्र दोन्हीपैकी कुठलंच घेऊ नका. त्यावर ना तारीख, ना नाव. त्रास झाला तर दाद कोणाकडे मागणार?