लीड स्वस्त, ग्राहक महाग: जाहिरातीचं बजेट वाढवण्याआधीचा हिशोब

व्हिडिओमध्ये आपण फळ्यावर जो हिशोब केला, तो इथे सावकाश मांडतो. वही-पेन घेऊन बसा, कारण हा वाचण्यापेक्षा करून बघण्याचा विषय आहे.

उदाहरण एटापल्लीचं घेऊ. समजा, तुम्ही उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावांतून जंगलातला मध विकत घेता, गाळून बाटल्यांत भरता आणि नागपूर-पुण्याच्या लोकांना पोस्टाने पाठवता. फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात लावली आहे. बटण दाबलं की समोरच्याचा व्हॉट्सॲप मेसेज थेट तुमच्याकडे येतो. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका.

पहिली पायरी: लीड कितीला पडली?

रोज ३०० रुपये, असे १० दिवस जाहिरात चालली. ॲड्स मॅनेजरमध्ये `Amount spent` खाली ३,००० दिसतात आणि `Messaging conversations started` खाली १५०. म्हणजे `Cost per result` २० रुपये. आपल्याला वाटतं, वा! वीस रुपयांत गिऱ्हाईक!

थांबा. ते गिऱ्हाईक नाही, नुसता मेसेज आहे. बरेच जण बटण दाबतात, तयार मेसेज आपोआप जातो आणि पुढे उत्तरच येत नाही. म्हणून लीड कुणाला म्हणायचं हे आधी ठरवा. माझा साधा नियम असा: ज्याने भाव विचारून पिनकोड किंवा किती मध हवा ते सांगितलं, ती लीड. १५० मधून असे ६० निघाले.

खर्चही ३,००० नाही. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५४० रुपये. तुमची जीएसटी नोंदणी असेल आणि हा कर परत वजा करून मिळत असेल, तर तो धरू नका. नसेल, तर तो तुमच्याच खिशातून गेला. ३,५४० भागिले ६०, म्हणजे लीड पडली ५९ रुपयांना. स्क्रीनवर मात्र २०.

दुसरी पायरी: ग्राहक कितीला पडला?

६० पैकी २७ जणांनी ऑर्डर दिली. त्यातले २ जुनेच ग्राहक होते, त्यांना जाहिरातीने आणलं असं म्हणता येत नाही. ५ जणांनी कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल घेतलंच नाही, ते परत आलं. नवे आणि पैसे दिलेले ग्राहक राहिले २०.

आता हे २० जण आणायला काय काय लागलं ते लिहू:

- जाहिरात आणि जीएसटी: ३,५४०
- रील एडिट करून घेतली: ४६०
- मेसेजला उत्तरं देणाऱ्या मुलीचं मानधन: १,०००
- परत आलेली ५ पार्सलं, जाण्या-येण्याचे २०० प्रमाणे: १,०००

एकूण ६,०००. भागिले २०, म्हणजे ग्राहक मिळवण्याचा खर्च ३०० रुपये. उत्तरं तुम्ही स्वतः देत असाल, तरी तुमच्या वेळेचे पैसे धरा. उद्या काम वाढलं की माणूस ठेवावाच लागणार आहे.

तिसरी पायरी: ३०० परवडतात का?

हे फक्त एका आकड्याशी ताडून कळतं: एका ऑर्डरमधून हातात किती उरतं. एक किलोचा पॅक ८०० ला विकला. मध ३५०, बाटली-लेबल-खोका ७०, पोस्ट १२०, फुटतूट २०. एकूण ५६०. उरले २४०.

२४० उरतात आणि ग्राहक आणायला ३०० लागतात. म्हणजे पहिल्या ऑर्डरला प्रत्येक ग्राहकामागे ६० रुपये तोटा!

मग जाहिरात बंद करायची? लगेच नाही. पुढच्या ३ महिन्यांत त्या २० पैकी ८ जणांनी जाहिरातीशिवाय, नुसत्या व्हॉट्सॲपवर दुसऱ्यांदा मागवलं. ८ गुणिले २४० म्हणजे १,९२०. २० जणांवर वाटले तर माणशी ९६. पहिले २४० आणि हे ९६ मिळून ३३६. ३०० च्या पुढे ३६ रुपये राहिले. धंदा चालतोय, पण काठावर. शिवाय ते ९६ यायला ३ महिने लागले. तोवर मध विकणाऱ्यांचे आणि पोस्टाचे पैसे तुम्ही आधीच देऊन बसलात.

चौथी पायरी: बजेट दुप्पट करायचं का?

बहुतेक जण इथेच फसतात. समजा, पुढचे १० दिवस रोज ६०० लावले. जाहिरात ६,०००, जीएसटी १,०८०, नवी रील ४६०, मानधन १,५००, परत आलेली ७ पार्सलं १,४००. एकूण १०,४४०. नवे ग्राहक ३२. सरासरी ३२६ रुपये. ३३६ पेक्षा कमीच आहे, म्हणून आपण खूश!

पण सरासरी बघू नका, वाढ बघा. खर्च वाढला ४,४४० ने आणि ग्राहक वाढले १२ ने. म्हणजे वरचा प्रत्येक ग्राहक ३७० रुपयांना पडला. त्याच्याकडून मिळणार ३३६. त्या १२ जणांमागे तुम्ही ३४-३४ रुपये गमावले आणि पहिल्या २० जणांच्या नफ्याने ते झाकून टाकलं. कारण साधं आहे. जे पटकन घेणारे होते, ते कमी पैशांत आधी मिळाले. जास्त पैसे लावले की जाहिरात कमी इच्छुक लोकांपर्यंत जाते.

म्हणून नियम असा: बजेट एकदम दुप्पट नको, थोडं थोडं वाढवा आणि प्रत्येक वेळी फक्त वाढीव खर्च भागिले वाढीव ग्राहक काढा. तो आकडा ३३६ च्या वर गेला की मागे या. आणि एकाच फेरीवर निर्णय नको. २० ग्राहक हा छोटा आकडा आहे. त्याच खर्चात १६ आले असते तर ३७५ पडले असते, २४ आले असते तर २५०. दोन-तीन फेऱ्या बघूनच ठरवा.

मग पैसे कुठे लावायचे?

या हिशोबात सगळ्यात सोपी गळती परत येणाऱ्या पार्सलांची आहे. ऑर्डर घेताना १०० रुपये ॲडव्हान्स यूपीआयने मागा. ज्याला घ्यायचंच नाही, तो तिथेच गळेल. पहिल्या फेरीत ५ ऐवजी २ पार्सलं परत आली असती, तर ६०० वाचले असते आणि ग्राहक ३०० ऐवजी २७० ला पडला असता, तोही बजेट न वाढवता. मात्र मध गोळा करणाऱ्याचा भाव पाडून हा आकडा सुधारू नका. पुढच्या हंगामात तो मध दुसऱ्याला देईल.

आपल्या भागाची एक गोष्ट लक्षात ठेवा. पावसाळ्यात नाले भरतात, रस्ते बंद होतात. पार्सल आठवडाभर अडकलं की ग्राहकाचा विचार बदलतो. नेटवर्क गेलं आणि उत्तर दुसऱ्या दिवशी गेलं, तर लीड थंड होते. अशा वेळी लीडचा भाव ५९ च राहतो, पण ग्राहकाचा ३०० वरून कुठच्या कुठे जातो. स्क्रीन तुम्हाला हे कधीच सांगणार नाही. म्हणून जुलै-ऑगस्टचा हिशोब वेगळा ठेवा, आणि उन्हाळ्यात भरलेला साठा किती उरलाय ते बघूनच जाहिरात लावा.

आजचं काम: वहीत सात रकाने आखा. तारीख, नाव, कुठून कळलं, पिनकोड, ऑर्डरची रक्कम, पार्सल पोहोचलं की परत आलं, दुसरी ऑर्डर कधी. गेल्या १० दिवसांचे सगळे मेसेज त्यात उतरवा. बजेटचं बटण त्यानंतरच दाबा.