संध्याकाळचं रडणं

चि. मृण्मयीस,


काल फोनवर तुझ्यापेक्षा बाळाचाच आवाज जास्त ऐकू आला. दिवसभर छान पितो, शू नीट होते, वजन वाढतंय. पण तिन्हीसांजा झाल्या की पाय पोटाशी घेऊन, लालबुंद होऊन नऊपर्यंत रडतो. डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या सुमाराला कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. म्हणजे तुम्ही सध्या ऐन भरात आहात. तू उसळ खाल्लीस म्हणून हे झालं, असं कुणी म्हटलं तर ऐकून सोडून दे. जेवण तोडू नकोस.

बघायचं ते पाजताना. तू पाठीत वाकून स्तन त्याच्या तोंडाकडे नेतेस, तो मान वळवून नुसतं टोक चोखतो, 'चक् चक्' आवाज येतो आणि दुधाबरोबर हवाही आत जाते. तू टेकून बस, बाळालाच वर उचल. त्याचं पोट तुझ्या पोटाला, कान-खांदा-कंबर एका रेषेत. तोंड मोठं उघडेपर्यंत थांब, मग जवळ घे. हनुवटी स्तनाला टेकली पाहिजे आणि काळा भाग वरच्यापेक्षा खालच्या बाजूने जास्त तोंडात गेला पाहिजे. नीट लागलं की गिळण्याचा आवाज येतो, दुखत नाही.

बाजू बदलताना आणि शेवटी खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरव. पाच-सात मिनिटांत ढेकर आला नाही तर आला नाही. थोपटून बेजार करू नकोस.

रडं सुरू झालं की दिवे मंद कर, त्याला उघड्या छातीशी घे, फेऱ्या मार. हातावर पालथं धरलं तरी काही मुलं शांत होतात. झोपवताना मात्र पाठीवरच. मध, घुटी काही चाटवू नका. मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. तुझाच संयम सुटतोय असं वाटलं तर त्याला पाळण्यात ठेव, दार लोटून दहा मिनिटं बाहेर बस. रडून काही होत नाही. गदागदा हलवलं तर मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

रडणं अचानक वेगळं वाटलं, तर कपडे काढून सगळं बघ. कधी पायाच्या बोटाला केस गुंडाळलेला असतो, कधी जांघेत गाठ असते. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगलेली टाळू, दूध सोडणं, मलूल पडणं, क्षीण किंवा चिरका आवाज, 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, यांतलं एकही दिसलं तर घरचं औषध न देता, रात्र असली तरी दवाखाना गाठ. घरात डिजिटल थर्मामीटर नसेल तर आजच मागव.

तुझी,
आत्या