पैसे गेले नाहीत, अडकलेत

पालीला बल्लाळेश्वराच्या दर्शनाला आलेली माणसं पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि कोकमाचं आगळ घेऊन जातात. घरी गेल्यावर परत तीच चव हवी असली, तर आमच्या वेबसाइटवरून मागवतात. पैसे पेमेंट गेटवेमार्फत येतात आणि दर आठवड्याला एकरकमी खात्यात पडतात. दिवाळीच्या तोंडावर एका आठवड्यात 20,000 रुपयांची विक्री झाली आणि खात्यात आले 14,538.

कारण होतं एक चार्जबॅक. एका ग्राहकाने क्रेडिट कार्डावर 2,400 रुपयांचा माल मागवला होता. तो मिळालाच नाही, अशी तक्रार त्याने थेट आपल्या बँकेकडे केली. पार्सल सोसायटीच्या वॉचमनने घेतलं होतं. बँक आधी ग्राहकाचं ऐकते. तिने पैसे गेटवेकडून ओढले, गेटवेने आमच्याकडून.

पण 20,000 मधून 2,400 गेले तर 17,600 उरायला हवेत. बाकीचं कुठे गेलं हे सेटलमेंटचा तपशील उतरवून घेतल्यावर कळलं. गेटवेची फी 2 टक्के, म्हणजे 400 रुपये, आणि त्या फीवर 18 टक्के जीएसटी 72. चार्जबॅक हाताळण्याचं शुल्क आमच्या करारात 500 रुपये होतं, त्यावर जीएसटी 90. आणि सगळ्यात शेवटी, 2,000 रुपये रोलिंग रिझर्व्ह.

या कपातींची जात एक नाही. फी आणि शुल्काचे 1,062 रुपये गेले ते गेलेच. जीएसटी नोंदणी असेल तर त्यातल्या 162 रुपयांपैकी नियमांत बसेल तेवढ्याचं क्रेडिट मिळतं, एवढंच. 2,400 रुपये वादात आहेत, पुरावा पटला तर परत येतात. आणि 2,000 रुपये आपलेच आहेत, फक्त आज हातात नाहीत. हिशेबवहीत विक्री 20,000 अशीच लिहायची आणि रिझर्व्ह येणं म्हणून दाखवायचा. जमा झालेला आकडा विक्री म्हणून लिहिला, तर जीएसटीचं विवरण गेटवेच्या आकड्याशी जुळत नाही.

रिझर्व्ह बराच काळ का अडकवून ठेवतात, यालाही कारण आहे. कार्डाच्या बऱ्याच तक्रारींना साधारण 120 दिवसांची मुदत असते. तोवर विक्रेता गाशा गुंडाळून गेला, तर भुर्दंड गेटवेवर येतो. म्हणून आमच्याकडे 10 टक्के, 180 दिवसांसाठी. टक्केवारी आणि मुदत विक्रेत्यागणिक बदलतात. शिवाय तक्रारींचं प्रमाण साधारण एक टक्क्यापुढे गेलं की विक्रेता जोखमीचा धरला जातो. महिन्याला 40 ऑर्डर असणाऱ्याची एकच तक्रार अडीच टक्के होते. लहान विक्रेत्याला हे माप जाचकच आहे.

खरी मेख अशी, की ते 10 टक्के नफ्यावर नसतात, एकूण विक्रीवर असतात. शंभर रुपयांच्या पापडात माल, मजुरी, पॅकिंग आणि टपाल मिळून 80 जातात, गेटवेला 2.36. उरलेल्या साधारण साडेसतरा रुपयांतून 10 अडकले, तर हातात साडेसात. महिन्याची विक्री 60,000 धरली तर दरमहा 6,000 अडकत सहा महिन्यांत 36,000 होतात. सातव्या महिन्यापासून पहिल्या महिन्याचे सुटू लागतात, पण तेवढेच नवे अडकतात. रिझर्व्ह चालू आहे तोवर हे 36,000 रुपये धंद्याबाहेरच.

चार्जबॅकची सूचना आली की उत्तराला मोजकेच दिवस असतात. मुदत त्या सूचनेतच लिहिलेली असते. आम्ही बिल, टपालाचा ट्रॅकिंग अहवाल, सोसायटीच्या नोंदवहीचा फोटो आणि ‘पापड मंद आचेवर तळायचे का?’ हा ग्राहकाचाच व्हॉट्सॲप संदेश पाठवला. निकाल आमच्या बाजूने लागला, 2,400 परत आले. शुल्काचे 590 आले नाहीत. करारात तसंच होतं. या काळात ग्राहकाला दया म्हणून वेगळा परतावा मात्र देऊ नका. बँकेकडूनही आणि तुमच्याकडूनही, असे दोनदा पैसे जातात.

1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टला ओटीपी घेऊनच पार्सल देण्याची सोय आहे, 5 रुपये अधिक जीएसटी जादा देऊन. वॉचमनचा प्रश्न त्याने मिटतो. मोठ्या ऑर्डरींना आम्ही आता तीच घेतो.

वाद जिंकला तरी रिझर्व्ह आपोआप उठत नाही. तो कोणत्या रकमेवर कापता, कोणत्या तारखेची कपात कधी सुटेल आणि फेरविचार कधी कराल, हे गेटवेला लेखी विचारा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कंपन्यांना तक्रारींसाठी नोडल अधिकारी नेमावाच लागतो. उत्तर आलं नाही तर त्याला लिहा. आणि पापडाच्या हंगामाचं भांडवल ठरवताना हा पैसा धरू नका. दिवाळीत अडकलेली रक्कम एप्रिलमध्ये सुटते, आणि पोहे त्याआधीच खरेदी करावे लागतात.