करारात कंपनीचे नाव तीन ठिकाणी, पण एकाच रूपात

प्रश्न : मालपुरवठ्याच्या करारात शीर्षकात ‘अबक फूड्स’, मजकुरात ‘अबक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ आणि सहीच्या जागी ‘अबक फूड्स अँड कंपनी’ असा शिक्का आहे. सही एकाच व्यक्तीची आहे. असा करार चालेल का?

उत्तर : नावातील चूक केवळ लिखाणाची असेल आणि पक्ष कोण याविषयी संशय नसेल, तर तेवढ्यावरून करार सहसा रद्द ठरत नाही. येथे मात्र तीन नावे तीन वेगळ्या पक्षांची असू शकतात. ‘अबक फूड्स’ ही एकाच मालकाची पेढी असू शकते आणि ‘अँड कंपनी’ ही भागीदारी संस्था. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी मात्र कायद्याने स्वतंत्र व्यक्ती असते. एकाच घरातील माणसे हे तिन्ही व्यवसाय चालवत असली, तर गुंता वाढतो. समजा, आगाऊ दिलेले चार लाख रुपये अडकले. दावा कंपनीवर लावला, तर शिक्का भागीदारीचा आहे असा बचाव येतो. भागीदारीवर लावला, तर मजकूर कंपनीचा आहे असे उत्तर मिळते. मूळ वसुलीआधी पक्ष कोण हेच सिद्ध करावे लागते.

नाव घ्यायचे ते व्हिजिटिंग कार्डावरून किंवा पाटीवरून नव्हे, तर कंपनीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरून. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर ते ताडून पाहता येते. नावालगत २१ अक्षर-अंकी कंपनी ओळख क्रमांक आणि नोंदणीकृत पत्ता लिहावा. करार मराठीत असला, तरी नावाचे भाषांतर करू नये. ‘प्रायव्हेट लिमिटेड’चे ‘खाजगी मर्यादित’ केले की नोंदणीतील नाव उरत नाही. मजकुरात पूर्ण नाव एकदा देऊन पुढे ‘यापुढे पुरवठादार’ असे म्हणण्यास हरकत नाही. सहीच्या जागी मात्र पूर्ण नाव पुन्हा यावे :

‘अबक फूड्स प्रायव्हेट लिमिटेड करिता,
(सही)
नाव, अधिकृत स्वाक्षरीकर्ता’

‘करिता’ या शब्दामुळे सही व्यक्तिशः नसून कंपनीच्या वतीने आहे हे दिसते. अधिकार मात्र त्या शब्दाने मिळत नाही. त्यासाठी संचालक मंडळाच्या ठरावाची प्रत मागावी. कंपनीने नाव बदलले असेल, तर नवे नाव लिहून ‘पूर्वीचे नाव’ असा उल्लेख करावा. सहीपूर्वी तिन्ही जागा आणि रबरी शिक्का प्रमाणपत्राशेजारी ठेवून अक्षरशः जुळवावेत.

सह्या झाल्यावर चूक दिसली, तर एकट्याने खाडाखोड करू नये. सहीनंतर परस्पर केलेल्या महत्त्वाच्या फेरफारामुळे करारच अडचणीत येऊ शकतो. दोन्ही पक्षांनी मूळ कराराची तारीख, चुकीचे नाव आणि योग्य नाव नमूद करून दुरुस्तीपत्र करावे. दुसरा पक्ष तयार नसेल, तर उभयपक्षी झालेल्या चुकीसाठी विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३च्या कलम २६ अन्वये न्यायालयाकडे दुरुस्ती मागता येते. मूळ हेतू कंपनीचाच होता, पण आता तिच्याऐवजी भागीदारीला पक्ष करायचे असेल, तर मात्र ती दुरुस्ती ठरत नाही. नवा करारच करावा लागतो.